कारण लिहा, मग वार ठरवा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातले अनेक संगणक अभियंते लॅपटॉप घेऊन गावी आले. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, जुन्नर इथल्या घरांच्या माडीवर टेबलं लागली, ब्रॉडबँड आलं. काहींनी पुण्यातली भाड्याची घरं सोडली, मुलं इथल्या शाळेत घातली. मग परत बोलावणारी परिपत्रकं आली. टीसीएसने १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्यास सांगितलं. विप्रोने त्याच वर्षी नोव्हेंबरच्या मध्यापासून तीन दिवस ठरवले, आणि इन्फोसिसने नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून कनिष्ठ आणि मधल्या श्रेणींना महिन्याला दहा दिवस. परिपत्रक कसं असावं, यावर दोन भूमिका इथे समोरासमोर ठेवल्या आहेत. ताई एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागाची बाजू मांडतात, ‘मी’ ही या लेखकाची बाजू आहे. संवाद रचलेला आहे, पण त्यातले कायदे, तारखा आणि अभ्यास खरे आहेत.

ताई : दादा, मुळातली गोष्ट आधी मान्य करा. नेमणूकपत्रावर कामाचं ठिकाण पुणे लिहिलेलं आहे. महामारीत घरून काम करू दिलं ती सोय होती, हक्क नव्हता. कोणी नारायणगावला राहायला गेलं तर तो त्याचा निर्णय. कंपनीने जागेचं भाडं भरायचं, वीज भरायची, आणि पाऊणशे किलोमीटरवरून येणाऱ्या माणसाला ‘तुम्हाला कधी जमेल’ असंही विचारायचं का?

मी : ताई, हक्क नाही हे मी मान्य करतो. लेखी करारात घरून काम नसेल तर कंपनी बोलावू शकते, आणि बोलावल्यावर जावं लागेल. माझं म्हणणं वेगळं आहे. बोलावण्याचं परिपत्रक तीन भागांचं असतं: कारण, अपवाद आणि तक्रारीची वाट. बहुतेक परिपत्रकांत हे तीन भाग तीन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखे दिसतात. कारणाच्या जागी ‘परस्पर सहकार्य आणि कंपनीची संस्कृती’ असं एक वाक्य येतं, अपवादाच्या जागी ‘मॅनेजरच्या मंजुरीने’ एवढंच असतं, आणि तक्रारीसाठी एक मेल पत्ता. कारण इतकं मोघम असलं की अपवाद कशाशी ताडून पाहायचा ते कोणालाच कळत नाही. एका टीमचा मॅनेजर ‘आई आजारी आहे’ यावर होकार देतो, शेजारच्या टीमचा त्याच कारणावर नकार देतो, आणि दोघेही नियमात बसतात. ज्या नियमात दोन उलटे निर्णय बसतात तो नियम नव्हे, ती मर्जी झाली. कारण नेमकं लिहिलं तर अपवाद कुठे द्यायचा आणि कुठे नाही हे बरंचसं आपोआप ठरतं. माझा सगळा आग्रह एवढाच आहे.

ताई : कारण मोघम असतं कारण ते खरोखरच व्यापक असतं. शेजारी बसून जे शिकता येतं त्याचं माप काढता येत नाही. नव्या मुलामुलींना कोडमधली चूक कोण दाखवणार? कॉलवर विचारायला त्यांना संकोच वाटतो.

मी : त्याचं माप निघालेलं आहे, आणि ते तुमच्या बाजूचं आहे. अमेरिकेत एमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅलेस या अर्थशास्त्रज्ञांनी एका मोठ्या कंपनीतल्या संगणक अभियंत्यांचा अभ्यास केला. एकमेकांजवळ बसणाऱ्या टीममध्ये कोडवर मिळणाऱ्या सूचना सुमारे एक पंचमांशाने जास्त होत्या, आणि त्याचा फायदा सगळ्यात जास्त नवख्यांना झाला. कार्यालयं बंद झाल्यावर तो फरक बराचसा मिटला. पण याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की सूचना देणाऱ्या अनुभवी माणसांचा वेळ त्यात गेला आणि त्यांचं स्वतःचं काम कमी झालं. आता तुम्ही हे कारण परिपत्रकात लिहा: ‘दोन वर्षांहून कमी अनुभव असलेल्यांना शिकता यावं म्हणून ते आणि त्यांना शिकवणारे वरिष्ठ मंगळवार, बुधवार, गुरुवार एकाच मजल्यावर बसतील.’ हे वाक्य लिहिताच कितीतरी प्रश्न सुटतात. ज्या टीममध्ये नवखा कोणीच नाही, तिला हे कारण लागू पडत नाही. आणि जो वरिष्ठ म्हणतो की मला पंधरा वर्षांचा अनुभव आहे, मला कशाला बोलावता, त्याला उत्तर मिळतं: तुमच्या शिकण्यासाठी नव्हे, तुमच्याकडून शिकण्यासाठी. म्हणजे नेमकं कारण कर्मचाऱ्याच्याच बाजूने पडतं असं समजू नका. काही वेळा ते अपवादाची दारं बंदही करतं.

दुसरं खरं कारण ओडीसीचं, म्हणजे ग्राहकासाठी राखलेल्या दालनाचं. ग्राहकाशी केलेल्या करारातच जर लिहिलं असेल की त्याची माहिती कुलूपबंद, कॅमेरा असलेल्या दालनातूनच हाताळायची, तर तिथे नारायणगाव काय आणि बाणेर काय, घर हा पर्यायच उरत नाही. अशा ठिकाणी अंतरावर अपवाद मागू नये आणि देऊही नये. मागायचं असेल तर दुसरं प्रोजेक्ट मागावं, आणि परिपत्रकाने ती वाट उघडी ठेवावी. पण ज्याची सगळी टीम चेन्नई आणि कोलकात्यात आहे, जो हिंजवडीत येऊन हेडफोन लावतो आणि दिवसभर त्यांच्याशीच बोलतो, त्याला ‘सहकार्यासाठी’ बोलावलं असं कोणत्या तोंडाने सांगणार? कारण चुकलं आहे हे ओळखायची खूण हीच. माणसं येतात, दारावर कार्ड टेकवतात, चहा घेतात आणि चारला निघतात. त्यांची शिस्त बिघडली असं वरिष्ठांना वाटतं. खरं तर येण्यात काम नाही हे त्यांनी पायांनी सांगितलेलं असतं.

ताई : समजा कारण लिहिलं. तरी अंतर हा अपवाद मी मानणार नाही. आज नारायणगाव, उद्या संगमनेर, परवा नाशिक. रेषा कुठे आखायची?

मी : अंतराला अपवाद देऊ नका, अंतर वेळापत्रकात धरा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नारायणगाव ते हिंजवडी सकाळच्या वेळी अडीच तास धरू. खेडचा घाट आता तितका नडत नाही, मंचर-नारायणगावला बाह्यवळण आहे, पण चाकण आणि मोशीला गाडी उभी राहते ती राहतेच. पुणे-नाशिक गतिमान रेल्वेचा नारायणगावमार्गे जाणारा आराखडा खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे अडला, म्हणजे नजीकच्या काळात रस्त्याला पर्याय नाही. तेव्हा एक फेरी पाच तासांची. तुमचं परिपत्रक ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार’ म्हणतं तेव्हा तीन फेऱ्या होतात, आठवड्याचे पंधरा तास रस्त्यावर. तेच तीन दिवस ‘मंगळवार, बुधवार, गुरुवार’ असे सलग दिले, तर माणूस मंगळवारी पहाटे निघेल, दोन रात्री मित्राच्या खोलीवर किंवा पेइंग गेस्ट म्हणून काढेल आणि गुरुवारी रात्री घरी येईल. फेरी एक, तास पाच. कंपनीला मिळालेले दिवस तेवढेच, एक मिनिटाचीही सूट दिलेली नाही. महिन्याला दहा दिवस असा हिशेब असेल तर याहून मोकळीक मिळते, दोन आठवडे सलग येऊन बाकीचे दिवस घरी राहता येतं. म्हणून किती दिवस यावर जेवढं भांडण होतं, त्यापेक्षा ते दिवस जोडलेले आहेत की विखुरलेले यावर व्हायला हवं. वार ठरवणाऱ्याने कर्मचाऱ्यांच्या पत्त्यांची यादी एकदा समोर घेतली तरी हे दिसतं.

रात्रीच्या परतीचाही विचार त्यात येतो, आणि तो आपल्या आंबेगाव-जुन्नर तालुक्यांत निराळा आहे. साडेसहाला सुटलेला माणूस फाट्यावर नऊला उतरतो. डिंभे आणि कुकडीच्या पाण्याने इथे ऊस वाढला, आणि उसात बिबट्या वाढला. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चारही तालुके येतात, आणि माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरून प्रश्न किती जुना आणि मोठा आहे ते समजावं. फाट्यापासून वस्तीपर्यंतचा दोन किलोमीटरचा उसामधला रस्ता रात्री नऊला दुचाकीवरून एकट्याने कापणं ही मुंबई-पुण्याच्या माणसाला कल्पना नसलेली जोखीम आहे. कंपनीच्या गाड्या सहसा शहराच्या हद्दीपर्यंतच सोडतात. इथे कामाची वेळ सकाळी आठ ते दुपारी चार-साडेचार करून देणं एवढ्या बदलानेही जोखीम घटते, निदान हिवाळ्यात, अंधार लवकर पडतो तेव्हा.

ताई : वेळापत्रकाचं पटलं. पण अपवादाची प्रक्रिया उघडली की अर्जांचा पूर येतो. प्रत्येकाकडे आजारी वडील असतात. म्हणून आम्ही संख्याच बांधून देतो, तिमाहीला इतके दिवस, बस.

मी : संख्या बांधणं हा वाईट मार्ग नाही, पण तो एकाच प्रकारच्या अडचणीला चालतो. टीसीएसने २०२५ मध्ये वैयक्तिक तातडीच्या कारणासाठी तिमाहीला सहा दिवस ठरवल्याच्या बातम्या आल्या होत्या. पावसात माळशेज बंद झाला, मूल तापाने फणफणलं, घरी मयत झाली, अशा अचानक येणाऱ्या गोष्टींना सहा दिवस पुरतात, आणि तिथे कारणाचा पुरावा मागत बसू नये हेच बरं. पण अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले वडील तिमाहीतले सहा दिवस आजारी नसतात. ती टिकणारी स्थिती आहे. तिला दिवसांच्या भाषेत मोजलं की माणूस खोटं बोलायला लागतो, किंवा नोकरी सोडतो. म्हणून दोन खिडक्या हव्यात. अचानक अडचणीसाठी ठरलेले दिवस, विचारणा न करता. टिकणाऱ्या स्थितीसाठी अर्ज, त्याला मुदत, समजा सहा महिने, आणि मुदत संपली की फेरविचार. मुदतीचा अपवाद देणाऱ्यालाही सोपा जातो, कारण तो कायमचा पायंडा पडत नाही.

काही बाबतींत तर प्रश्न केवळ तुमच्या मर्जीचा नाही. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आलेली तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, तिच्यानुसार कामाचं स्वरूप तसं असेल तर प्रसूती रजेनंतर दोघांच्या संमतीने घरून काम ठरवता येतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात ‘वाजवी सोय’ ही कल्पना आहे, म्हणजे मालकावर अवाजवी बोजा पडणार नाही असे आवश्यक बदल. हे अर्ज ‘मॅनेजरच्या मंजुरीने’ या चौकटीत टाकणं चूक आहे. निर्णय टीमबाहेरच्या माणसाने घ्यावा, वैद्यकीय कागद त्याच्यापुढेच राहावेत, आणि मॅनेजरला फक्त निकाल कळावा. आपल्या वरिष्ठाला आपला आजार सांगावा लागेल या भीतीने कितीतरी खरे अर्ज येतच नाहीत. आणि पूर? पूर तिथे येतो जिथे नियम मोघम असतो आणि मागितलं तर मिळेल असं वाटतं. कारण नेमकं असलं, नकारही कारणासकट लेखी मिळत असला, तर माणूस अर्ज करण्याआधीच आपला अर्ज कुठे बसतो ते पाहतो.

ताई : लेखी नकार म्हणजे कोर्टासाठी पुरावा तयार करून देणं. आमचे वकील हेच सांगतात.

मी : लेखी नकार नसला तर पुरावा नसतो असं वकिलांना वाटतं, पण कार्डाची नोंद असते, पगाराची पावती असते. एक हिशेब मांडून दाखवतो. २०२४ मध्ये टीसीएसने तिमाहीचं बदलतं वेतन हजेरीशी जोडलं. बातम्यांत आलेले टप्पे असे होते: ८५ टक्क्यांच्या वर हजेरी असेल तर पूर्ण, ७५ ते ८५ मध्ये पाऊण, ६० ते ७५ मध्ये निम्मं, आणि ६० च्या खाली काही नाही. असाच नियम एखाद्या कंपनीत आहे असं धरा. तिमाहीत कामाचे ६२ दिवस. ५३ दिवस आलात तर हजेरी ८५ टक्क्यांच्या वर, वेतन पूर्ण. आता नारायणगावजवळच्या वस्तीवरच्या एका अभियंत्याने वडिलांच्या आजारपणासाठी अर्ज केला, आणि तो अर्ज तीन आठवडे कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिला. या १५ दिवसांत तो घरून काम करत होता, काम थांबलेलं नव्हतं. शेवटी अर्ज नाकारला गेला, किंवा त्याहून वाईट, मुदत उलटली म्हणून आपोआप बाद झाला. त्याचे दिवस ५३ चे ३८ झाले, हजेरी ६१ टक्के, वेतन निम्मं. आणखी एक दिवस कमी पडला असता तर शून्यावर आला असता. ही शिक्षा त्याला कशाची झाली? कंपनीच्या उशिराची. म्हणून परिपत्रकात दोन वाक्यं असलीच पाहिजेत: अर्जावर सात कामकाजी दिवसांत लेखी निर्णय मिळेल, आणि निर्णय होईपर्यंतचे दिवस हजेरीच्या हिशेबात कमी धरले जाणार नाहीत. पहिलं वाक्य बऱ्याचदा दिसतं. दुसरं वाक्य नसेल तर पहिल्याला किंमत नाही, कारण उशीर करणाऱ्याला काहीच गमवावं लागत नाही.

ताई : आणि तरीही समाधान झालं नाही तर? हेल्पडेस्क आहे, तिकीट टाकता येतं, वरिष्ठांच्या बैठकीत हात वर करता येतो.

मी : तिकिटाचं काय होतं ते आपण दोघं जाणतो. ‘धोरणानुसार उत्तर दिलं’ असा शेरा पडतो आणि ते बंद होतं. तक्रारी दोन तऱ्हेच्या असतात आणि त्या एकाच पेटीत टाकल्याने दोन्ही मरतात. ‘माझा अर्ज चुकीने नाकारला’ ही एकाची तक्रार, तिला अपील हवं, ज्याने नाकारलं त्याच्याहून वेगळ्या माणसाकडे. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार हे वारच चुकीचे आहेत’ ही अनेकांची तक्रार, तिला समिती हवी. कायद्यात तशी समिती आहेही. औद्योगिक विवाद कायद्यात २०१० मध्ये तक्रार निवारण समितीचं कलम आलं. आता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ती सक्तीची आहे. तिच्यात मालक आणि कामगार यांचे सारखे प्रतिनिधी असतात, एकूण दहापर्यंत, आणि स्त्रियांचा वाटा त्यांच्या संख्येच्या प्रमाणात असतो. अर्ज आल्यापासून तीस दिवसांत तिने काम पुरं करायचं असतं. तुम्ही म्हणाल, संगणक अभियंता हा कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ आहे का यावर वाद होतो. होतो, आणि व्यवस्थापकीय पदावरचे लोक त्यात येत नाहीत हेही खरं. पण समितीचा नमुना तयार असताना तो सगळ्यांना लागू करायला कायदा कुठे अडवतो? अशा समितीने दर तिमाहीला टीमनिहाय चार आकडे जाहीर करावेत: अर्ज किती आले, किती मंजूर, किती नामंजूर, निर्णयाला सरासरी किती दिवस लागले. एका टीममध्ये सगळे मंजूर आणि शेजारी सगळे नामंजूर दिसले, की दोष अर्जदारांचा नाही हे कोणी न सांगता कळतं.

ताई : दादा, तुम्ही एक गोष्ट टाळताय. एवढं सगळं केल्यावर कंपनीला काय मिळतं? मी हे वरच्या मजल्यावर मांडायला गेले तर पहिला प्रश्न हाच येईल.

मी : माणसं टिकतात. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला, तो २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एकाला आठवड्याचे दोन दिवस घरून काम, दुसऱ्याला पाचही दिवस कार्यालय. नोकरी सोडण्याचं प्रमाण पहिल्या गटात एक तृतीयांशाने घटलं. कामाच्या मूल्यमापनात आणि बढत्यांत फरक पडला नाही. हा फायदा जास्त कुणाला झाला ते पाहा: स्त्रिया, व्यवस्थापक नसलेले कर्मचारी आणि लांबून येणारे. म्हणजे मंचर-नारायणगावची माणसं जणू त्या यादीतच आहेत. या प्रयोगाची मर्यादा सांगतो, नाहीतर तुम्ही सांगाल. तिथे तीन दिवस सगळे एकत्र येत होते, त्यामुळे पूर्ण वेळ घरून काम करण्याच्या बाजूने त्याचा दाखला देता येणार नाही, आणि मी देतही नाही. तीन सलग दिवस या, हेच मी सुरुवातीपासून म्हणतोय.

ताई : मग परिपत्रक मी असं लिहिते: कारण नेमकं, वार सलग, दोन खिडक्या, सात दिवसांत निर्णय, समिती. अंमल पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून.

मी : इथेच थांबा. २०२३ ची ती तिन्ही परिपत्रकं आठवा, तिघांचा अंमल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू झाला. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यात उघडते. ऑक्टोबरमध्ये सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. त्या मधल्या काळात बोलावलेल्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: मुलाचं वर्ष तोडून पुण्यात प्रवेश शोधायचा, किंवा बायको-मुलं गावी ठेवून स्वतः पुण्यात खोली घ्यायची. मार्च-एप्रिलमध्ये कळलं असतं तर निकालाबरोबर शाळा सोडल्याचा दाखला घेता आला असता, मे महिन्यात अकरा महिन्यांचा भाडेकरार करून घर लावता आलं असतं, आणि जूनमध्ये मूल नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गात बसलं असतं. कायद्याची नोटीस एकवीस दिवसांची असते, आणि तीही सेवाशर्तीतल्या ठरावीक बदलांना. घरून काम ही रूढ झालेली सवलत होती की तात्पुरती सोय, यावर तुमचे वकील कितीही भांडोत, एकवीस दिवसांत कोणाचं बिऱ्हाड हलत नाही. कंपनीला यात एक पैशाचा खर्च नाही, फक्त दोन-अडीच महिने आधी ठरवावं लागतं. परिपत्रक जरूर काढा ताई, पण ते एप्रिलमध्ये काढा, आणि अंमल पंधरा जूनपासून ठेवा.